बाळाची नजर कधी ठरते? पहिल्या वर्षातल्या दृष्टीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बाळ चेहऱ्याकडे बघायला नेमकं कधी लागतं?

दिवस भरून जन्मलेलं बाळ पहिल्या दिवसापासून थोडंफार बघतं, पण त्याला दिसतं ते अगदी जवळचं आणि पुसट. साधारण २० ते ३० सेंटीमीटरवरचा चेहरा त्याच्या टप्प्यात येतो, म्हणजे दूध पिताना आईचा चेहरा जितक्या अंतरावर असतो तितकाच. पहिल्या महिन्यात ही नजर क्षणभर लागते आणि सुटते. चार ते सहा आठवड्यांत ती काही सेकंद चेहऱ्यावर टिकू लागते. सहा ते आठ आठवड्यांत चेहरा हळूहळू बाजूला नेला की डोळे मागोमाग येतात, आणि याच सुमारास बाळ बघून हसायला लागतं. तिसरा महिना संपेपर्यंत बहुतेक बाळं एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत न चुकता नजर फिरवतात.

डोळ्यांचे डॉक्टर यात दोन गोष्टी वेगवेगळ्या बघतात. एक म्हणजे नजर ठरणं आणि दुसरी म्हणजे हलणाऱ्या वस्तूमागे नजर जाणं. दुसरी थोडी उशिरा येते. डावी-उजवीकडची हालचाल आधी जमते आणि वर-खालची नंतर. त्यामुळे दोन महिन्यांचं बाळ वर नेलेल्या चेहऱ्यामागे नजर नेत नसेल, तर तेवढ्यावरून काळजी करू नये.

माझं पाच आठवड्यांचं बाळ माझ्या डोळ्यांकडे न बघता केसांकडे बघतं. हे बरोबर आहे का?

हो, या वयात हे अगदी नेहमीचं आहे. पहिल्या महिन्या-दीड महिन्यात बाळाला बारकावे दिसत नाहीत, गडद-फिका फरक दिसतो. कपाळ आणि केस यांच्यातली कड हा चेहऱ्यावरचा सगळ्यात ठळक फरक असतो, म्हणून नजर तिथे जाते. दुसऱ्या महिन्यात ती चेहऱ्याच्या आत, डोळ्यांकडे आणि ओठांकडे सरकते.

याच वयात आणखी एक गोष्ट दिसते. बाळाची नजर खिडकीवर किंवा दिव्यावर लागते आणि तिथून सुटतच नाही. नजर एका ठिकाणाहून उचलून दुसरीकडे नेण्याची मेंदूतली व्यवस्था तेव्हा अजून पक्की झालेली नसते. तीन महिन्यांपर्यंत हे कमी होत जातं. मात्र तीन महिन्यांनंतरही बाळ फक्त दिव्याकडे किंवा उजेडाकडेच बघत असेल आणि समोर आलेल्या चेहऱ्यात त्याला काही रस दिसत नसेल, तर तपासणी हवी.

घरी कसं पाहायचं? माझ्या आवाजाला तर ते लगेच मान वळवतं.

खरी अडचण इथेच आहे. बाळ आवाजाला वळतं, वासाने माणूस ओळखतं, अंगाला लागणाऱ्या उबेने शांत होतं. अजिबात न दिसणारं बाळही आईचा आवाज ऐकून गोड हसतं. त्यामुळे ‘बोललं की हसतं, म्हणजे दिसतंय’ असं धरून चालतात आणि आठवडेच्या आठवडे निघून जातात. नजर पाहायची असेल तर पूर्ण शांत राहून पाहायला हवी.

बाळ जागं, पोट भरलेलं पण पेंगुळलेलं नसेल, अशी वेळ निवडा. त्याला मांडीवर थोडं तिरकं, डोक्याला आधार देऊन घ्या. उजेड बाळाच्या मागून तुमच्या चेहऱ्यावर पडू द्या. तुमच्या मागे खिडकी असेल तर बाळाला तुमची नुसती काळी आकृती दिसेल. चेहरा २५ सेंटीमीटरवर आणा आणि काही न बोलता थांबा. बाळाला नजर लावायला वेळ लागतो, दहा-पंधरा सेकंद तरी द्या. नजर लागली असं वाटलं की चेहरा अगदी सावकाश एका बाजूला न्या. डोळे मागे येतात का ते बघा. सुरुवातीला ते सलग न सरकता छोटे छोटे टप्पे घेत, धक्क्याधक्क्याने येतात. तेही चालतं.

एकदा जमलं नाही म्हणून निष्कर्ष काढू नका. भुकेलं, झोपाळू किंवा दुखत असलेलं बाळ बघत नाही. दोन-तीन दिवस वेगवेगळ्या वेळी पाहा. आणि सोबत किणकिण वाजणारं खेळणं वापरू नका, कारण मग तुम्ही कानांची परीक्षा घेता.

शेवटी एक डोळा तळहाताने हलकेच झाकून पाहा, मग दुसरा. दोन्ही वेळा बाळ सारखंच वागलं तर ठीक. एक ठरावीक डोळा झाकला की ते रडतं, हात ढकलतं, मान फिरवतं, आणि दुसरा झाकल्यावर मात्र काहीच करत नाही, असं वारंवार झालं तर ज्या डोळ्याला झाकल्यावर ते चिडतं तो त्याचा चांगला डोळा आहे आणि दुसऱ्याने कमी दिसत असण्याची शक्यता आहे. एका डोळ्याचा दोष असलेलं बाळ दोन्ही डोळे उघडे असताना पूर्णपणे व्यवस्थित वागतं, म्हणून तो घरी सहज निसटतो.

डोळ्यांसमोर हात हलवला की पापणी मिटते. मग दिसत असणारच ना?

यावरून काहीच ठरत नाही. हात हलवल्यावर हवेची झुळूक डोळ्याला लागते आणि पापणी त्यामुळेही मिटते. उलट, येणारी वस्तू बघून पापणी मिटणं ही शिकून आलेली प्रतिक्रिया आहे. ती साधारण तिसऱ्या ते पाचव्या महिन्यात येते. म्हणजे दोन महिन्यांच्या बाळाने पापणी मिटली नाही तरी ते अंध नाही आणि मिटली तरी दिसतंच असं नाही. प्रखर उजेडाला डोळे मिटणं जन्मापासून असतं, पण त्यातून एवढंच कळतं की उजेड डोळ्यात पोहोचतोय.

बाळ दिवस भरण्याआधी जन्मलं असेल तर वय कसं मोजायचं?

जितके आठवडे लवकर जन्मलं, तितके वजा करायचे. ३२व्या आठवड्यात जन्मलेलं बाळ घ्या. ते ४० आठवड्यांपेक्षा आठ आठवडे आधी आलं. आज ते जन्मून १४ आठवडे झाले असतील तर नजरेच्या हिशेबाने ते सहा आठवड्यांचं आहे. त्याच्याकडून सहा आठवड्यांच्या बाळाइतकीच अपेक्षा ठेवायची. नजर ठरण्याची तिसऱ्या महिन्याची मर्यादा त्याच्यासाठी जन्मानंतर साधारण पाच महिन्यांनी येते.

पण ही वजाबाकी फक्त विकासाच्या टप्प्यांसाठी आहे, तपासणी पुढे ढकलण्यासाठी नाही. खूप लवकर किंवा खूप कमी वजनाच्या जन्मलेल्या बाळांच्या डोळ्यांच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या नीट वाढलेल्या नसतात. त्यातून आरओपी हा आजार होऊ शकतो, आणि तो बाहेरून अजिबात दिसत नाही. त्याची पहिली तपासणी जन्मानंतर काही आठवड्यांतच होते. कोणत्या बाळांची आणि कधी, याचे निकष देशोदेशी थोडे वेगळे आहेत. नवजात विभागातून घरी सोडताना पुढच्या तपासणीची तारीख लिहून दिली असेल तर ती चुकवू नका. उपचाराची योग्य वेळ कधी कधी काही दिवसांचीच असते.

नजर ठरत नाही म्हणून डॉक्टरांकडे नेमकं कधी जायचं?

डोळे बाहेरून अगदी नीट दिसत असतील आणि बाकी सगळं ठीक असेल, तर आठ आठवड्यांपर्यंत वाट पाहायला हरकत नाही. आठ आठवडे झाले तरी बाळ चेहऱ्याकडे अजिबात बघत नसेल तर बालरोगतज्ज्ञांना सांगा. तीन महिने पूर्ण होऊनही नजर ठरत नसेल आणि मागे फिरत नसेल, तर लहान मुलांच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायलाच हवं. ‘होईल हळूहळू’ हे उत्तर तपासणीनंतर मिळालं तर मान्य करा, तपासणीऐवजी नाही.

काही खुणा दिसल्या तर मात्र वयाचा हिशेब करत बसायचं नाही.

बाहुली पांढरी, राखाडी किंवा पिवळट दिसणं ही त्यातली सगळ्यात महत्त्वाची. फ्लॅश वापरून काढलेल्या फोटोत एका डोळ्यात लाल चमक आणि दुसऱ्यात पांढरी, असं दिसू शकतं. कधी हा कॅमेऱ्याच्या कोनाचा परिणाम असतो, पण त्यामागे मोतीबिंदू किंवा डोळ्यातला रेटिनोब्लास्टोमा हा कर्करोगही असू शकतो, म्हणून एक-दोन दिवसांत दाखवा. जन्मजात दाट मोतीबिंदूची शस्त्रक्रिया साधारण सहा ते आठ आठवड्यांच्या आत झाली तर दृष्टी वाचण्याची शक्यता सगळ्यात चांगली असते. त्या काळात डोळ्यातून स्पष्ट चित्र मेंदूकडे गेलं नाही, तर पुढे डोळा दुरुस्त करूनही मेंदू त्याच्याकडून आलेलं चित्र नीट वाचत नाही. तीन महिन्यांपर्यंत थांबणं या बाळासाठी फार उशिराचं ठरतं.

दुसरी खूण डोळ्यांच्या हालचालीची. डोळे सतत थरथरणं, झोके घेतल्यासारखे इकडून तिकडे जाणं किंवा कशावरही न थांबता भिरभिरणं. जन्मतः दृष्टी कमी असेल तर हा थरथराट बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात दिसू लागतो, म्हणून ‘जन्माच्या वेळी तर ठीक होते’ याने निश्चिंत होऊ नये. बाळ मुठीने किंवा बोटाने डोळे वारंवार जोरात दाबत असेल, तर त्याचीही गंभीर दखल घ्यावी. पडद्याच्या काही जन्मजात आजारांत बाळं असं करतात.

तिसरी, डोळ्याच्या काळ्या भागाची. तो नेहमीपेक्षा मोठा किंवा धुरकट दिसतो, डोळ्यातून पाणी येतं आणि उजेडात बाळ डोळे घट्ट मिटून घेतं. हा जन्मजात काचबिंदू असू शकतो. नुसतं पाणी येणं बहुतेक वेळा अश्रूंची नळी बंद असल्यामुळे असतं, पण त्याला उजेडाचा त्रास किंवा धुरकटपणा जोडला गेला तर लगेच तपासा.

डोळे कधी कधी तिरळे होतात. यामुळे नजर ठरत नाही का?

पहिल्या तीन महिन्यांत एखादा डोळा मधूनच बाहेर किंवा आत जाणं आणि परत सरळ होणं सामान्य आहे, विशेषतः झोप आली असताना. चार महिन्यांनंतर हे दिसू नये. आणि एकच डोळा सतत, हलत-सरकत न राहता, तिरळा असेल तर कोणत्याही वयात दाखवा. तिरळेपणा हा कधी कधी कमी दिसण्याचं कारण नसून परिणाम असतो. म्हणजे डोळ्याला दिसत नाही म्हणून तो भरकटतो.

तपासणीत काय करतात? नुसतं वयानुसार सांगून पाठवतात का?

एक उदाहरण सविस्तर घेऊ. दिवस भरून जन्मलेलं, ११ आठवड्यांचं बाळ. गर्भारपण आणि बाळंतपण सुरळीत, वजन छान वाढतंय. आवाजाला दचकतं, गाणं म्हटलं की शांत होतं, बोललं की हसतं. पण कोणी न बोलता समोर आलं तर त्याच्याकडे बघत नाही. आई म्हणते, ‘ते माझ्या आरपार बघतं.’

डॉक्टर आधी काही न करता नुसतं बघतात. डोळे थरथरत नाहीत, भिरभिरत नाहीत, दोन्ही सरळ आहेत. मग शांतपणे चेहरा समोर आणतात, नंतर काळ्या-पांढऱ्या रेघांची पाटी. नजर लागत नाही. टॉर्चने बाहुल्या बघतात. त्या उजेडाला झटकन लहान होतात. ही मोठी जमेची बाजू आहे, कारण पडद्याचा किंवा नेत्रशिरेचा गंभीर आजार असता तर त्या सुस्त राहिल्या असत्या. ऑप्थॅल्मोस्कोपने दोन्ही डोळ्यांतली लाल चमक सारखी आणि स्वच्छ दिसते, म्हणजे मोतीबिंदू नाही. बाहुली मोठी करणारे थेंब घालून नंबर मोजतात. या वयाला शोभणारा थोडासा प्लस नंबर आहे, त्याने एवढं अडणार नाही. शेवटी पडदा आणि नेत्रशीर बघतात. दोन्ही निरोगी आहेत.

एवढं झाल्यावर सगळ्यात संभवनीय निदान असतं दृष्टीचा विकास उशिरा होण्याचं. डोळे नीट आहेत, पण मेंदूतला बघण्याचा भाग कामाला लागायला वेळ घेतोय. असं बाळ बहुधा चौथ्या ते सहाव्या महिन्यात बघायला लागतं, आणि बरेचदा हा बदल दोन-तीन आठवड्यांत इतका झपाट्याने होतो की घरचे चकित होतात. म्हणून डॉक्टर चार-पाच आठवड्यांनी परत बोलावतात. आपल्या उदाहरणातलं बाळ १६व्या आठवड्यात शांत चेहऱ्याकडे बघू लागलं आणि १८व्या आठवड्यात त्याची नजर मागे फिरायला लागली, तर निदान पक्कं झालं. हे निदान पहिल्या दिवशी फक्त अंदाज असतो. ते सिद्ध होतं बाळ प्रत्यक्ष बघायला लागल्यावरच. म्हणूनच दुसरी भेट टाळू नये, बाळ बघायला लागलं असं वाटलं तरीही.

आता याच उदाहरणात एकच गोष्ट बदला. डोळे थरथरत असते किंवा बाहुल्या उजेडाला हळू प्रतिसाद देत असत्या, तर वाट पाहणं चुकीचं ठरलं असतं. पडद्याची विद्युत तपासणी म्हणजे ईआरजी लागली असती, कारण पडद्याचे काही जन्मजात आजार सुरुवातीला डोळ्यात बघून कळत नाहीत. किंवा समजा, जन्मताना बाळ गुदमरलं होतं किंवा पहिल्या दिवसांत त्याची साखर फार उतरली होती. मग मेंदूच्या दृष्टिकेंद्राला इजा झाली आहे का, हे बघायला एमआरआयचा विचार झाला असता. अशा मेंदूशी निगडित दृष्टिदोषात बाळाचं बघणं वेळेनुसार बदलतं. सकाळी बघतं, संध्याकाळी नाही. स्थिर चेहऱ्यापेक्षा हलणारी किंवा एकाच भडक रंगाची वस्तू त्याला आधी कळते. घरच्यांना वाटतं ते मुद्दाम लक्ष देत नाही. तसं नसतं.

बाळ खेळण्यांकडे छान बघतं, पण चेहऱ्याकडे नाही. हे काय?

खेळणं, दिवा, हलणारी सावली यामागे नजर नीट फिरत असेल तर डोळे काम करतायत हे बहुतेक स्पष्ट आहे. तीन-चार महिन्यांच्या बाळात एवढ्यावरून कोणतंही निदान करता येत नाही आणि करूही नये. बालरोगतज्ज्ञांना सांगा, ते हसणं, आवाज काढणं, माणसांना प्रतिसाद देणं हे सगळं मिळून बघतील आणि काही महिने लक्ष ठेवतील. तरी डोळ्यांची तपासणी आधी होऊ द्या. मोठा नंबर असलेल्या बाळाला जवळची चकचकीत वस्तू दिसते आणि थोडा दूरचा चेहरा पुसट होतो, असंही आढळतं. त्यावर अगदी लहान वयातही चष्मा देता येतो.

काळ्या-पांढऱ्या चित्रांची कार्डं दाखवल्याने नजर लवकर ठरते का?

निरोगी बाळाला त्यांची गरज नाही. जवळ आलेला माणसाचा चेहरा पुरेसा आहे. तो हलतो, बदलतो आणि त्याला प्रतिसाद देतो. कार्डं दाखवायला हरकत नाही, पण दोष असेल तर ती तो दुरुस्त करत नाहीत. कार्डं दाखवत महिना घालवला आणि तपासणी राहिली, हे मात्र नुकसानीचं आहे.

सहा महिन्यांनंतर काय बघायचं?

इथे फार घोळ नाही. चार-पाच महिन्यांत बाळ बघून वस्तूकडे हात नेतं. सहा महिन्यांत डोळे कायम सरळ असावेत आणि खोलीतल्या माणसामागे नजर जावी. नऊ-दहा महिन्यांत ते जमिनीवरचा बारीक कण शोधून चिमटीत पकडायला बघतं, पडलेली वस्तू खाली वाकून शोधतं. वर्षाच्या आसपास खोलीच्या पलीकडून घरचं माणूस न बोलता ओळखतं. नऊ महिन्यांचं बाळ वस्तू चाचपडत शोधत असेल किंवा प्रत्येक गोष्ट डोळ्यांना चिकटवून बघत असेल, तर नंबर तपासून घ्या.

आधी बघायचं आणि आता बघेनासं झालंय. थांबून पाहू का?

नाही. उशिरा बघायला लागणं आणि येत असलेलं जाणं यात फार फरक आहे. चार ते आठ महिन्यांचं बाळ अचानक चेहऱ्याकडे बघेनासं, हसेनासं झालं आणि त्यासोबत झोपेतून उठल्यावर मान-हात-पाय आकसण्याचे छोटे झटके एकामागून एक येत असतील, तर त्याच दिवशी रुग्णालयात न्या. हे झटके दिसायला दचकण्यासारखे किंवा पोटदुखीसारखे वाटतात, पण ते लहान बाळांना येणाऱ्या फिटच्या एका गंभीर प्रकाराचे असू शकतात. त्यात उपचार जितके लवकर सुरू होतात तितकं बरं. शक्य असेल तर झटका येत असताना मोबाइलवर चित्रीकरण करा.

तपासणीला जाताना काय न्यायचं?

जन्माचा आठवडा आणि वजन, नवजात विभागातले कागद, आणि घरी शांतपणे बघताना काढलेला अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ. दवाखान्यात बाळ झोपलं किंवा रडलं तर हा व्हिडिओ फार कामाला येतो. फ्लॅशने काढलेले जुने फोटोही दाखवा. कुटुंबात लहानपणी मोतीबिंदू, काचबिंदू, डोळ्याचा कर्करोग किंवा डोळ्यांचा थरथराट कुणाला झाला असेल तर ते न विचारता सांगा. वेळ शक्यतो बाळ एरवी ताजंतवानं असतं तेव्हाची घ्या आणि दूध सोबत ठेवा. थेंब घातल्यावर बाहुल्या मोठ्या होतात आणि परत लहान व्हायला बरेचदा दुसरा दिवस उजाडतो. तोवर बाळ उजेडात डोळे मिटेल आणि जवळचं नीट बघणार नाही, त्यामुळे त्या दिवशी घरी पुन्हा नजर तपासून पाहू नका.